‘काम समाधानकारक नाही’: परिविक्षा संपताना आलेलं पत्र कसं वाचावं

आमच्याकडे हे पत्र बहुधा मे महिन्यात येतं. शाळेला सुट्ट्या लागलेल्या असतात, ऊन पंचेचाळिशीला टेकलेलं असतं आणि शिक्षक आपापल्या गावी गेलेले असतात. परिविक्षेची, म्हणजे प्रोबेशनची, दोन वर्षं पूर्ण व्हायला महिना-दीड महिना उरलेला असतो. पोस्टमन पाकीट देऊन जातो. आत एकच कागद असतो आणि त्यावर चार-पाच ओळी. वाचणाऱ्याला वाटतं, आपली नोकरी गेली एवढंच यात लिहिलंय. पण त्या चार ओळींत पुष्कळ काही असतं आणि जे मुद्दाम लिहिलेलं नसतं तेही महत्त्वाचं असतं.

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खाजगी संस्थेच्या शाळेत मी एकोणतीस वर्षं लिपिक होतो. अशी पत्रं सचिवांच्या सांगण्यावरून मीच टाइप केली आहेत, त्यामुळे त्यातला प्रत्येक शब्द कुठून येतो हे मला ठाऊक आहे. निवृत्तीनंतर गेल्या काही वर्षांत तीच पत्रं घेऊन तरुण शिक्षक माझ्याकडे येतात. हे लिहितोय ते त्यांच्यासाठी. इथलं सगळं राज्य शासनाची मान्यता असलेल्या खाजगी शाळांबद्दल आहे. त्या शाळांना १९७७ चा महाराष्ट्र खाजगी शाळांतील कर्मचारी सेवाशर्ती कायदा लागू होतो. शाळा अनुदानित असो की विनाअनुदानित, कायदा तोच.

आधी नेमणुकीचा कागद काढा

सेवासमाप्तीचं पत्र नंतर वाचा. आधी नेमणुकीचा आदेश शोधा. त्याचा नमुना नियमांच्या अनुसूची ‘ड’ मध्ये दिलेला आहे आणि चांगल्या संस्था तोच वापरतात. त्यात तुम्हाला कायम रिक्त पदावर दोन वर्षांच्या परिविक्षेवर नेमलं आहे, की तात्पुरतं एका सत्रापुरतं घेतलं आहे, ते लिहिलेलं असतं. सगळं यावर ठरतं.

कायम रिक्त पदावर, जाहिरात देऊन, पात्रता पाहून नेमणूक झाली असेल, तर कलम ५(२) प्रमाणे दोन वर्षं परिविक्षा. ती पूर्ण झाली की कर्मचारी कायम झाला असं कायदाच मानतो, त्यासाठी वेगळ्या आदेशाची गरज नाही. शिक्षणसेवक म्हणून नेमणूक असेल तर हा काळ तीन वर्षांचा. पण आदेशात ‘दि. ३० एप्रिलपर्यंत तात्पुरत्या स्वरूपात’ असं लिहिलेलं असेल आणि पदही खरोखरच कुणाच्या रजेपुरतं रिकामं असेल, तर ती परिविक्षाच नाही आणि पुढचं बहुतेक सगळं तुम्हाला लागू पडत नाही. पात्रतेचंही तसंच. पहिली ते आठवीच्या वर्गांवर टीईटी नसताना नेमलेल्या शिक्षकाला ‘मी आपोआप कायम झालो’ असं सांगणं फार अवघड जातं.

गावाकडे एक चाल नेहमी दिसते. दोन वर्षं संपत आली की सचिव म्हणतात, ‘आणखी एक वर्ष परिविक्षा वाढवू, मग पाहू.’ शिक्षकालाही बरं वाटतं, निदान नोकरी तर राहिली. पण या कायद्यात परिविक्षा वाढवण्याची तरतूद नाही. दोन वर्षांनंतरही तुम्ही मस्टरवर सही करत असाल, तर वाढवल्याच्या पत्राने तुमचं कायमपण जात नाही. अशा पत्रावर ‘मान्य’ असं मात्र लिहून देऊ नका.

(पतसंस्था, जिनिंग, दवाखाना अशा ठिकाणी काम करणाऱ्यांनी हा नियम आपल्याला तसाच लावू नये. तिथे नियमांत किंवा नेमणूकपत्रात परिविक्षेची कमाल मर्यादा दिलेली आहे का, ते पाहावं लागतं. मर्यादा नसेल आणि ‘लेखी आदेशाने कायम करेपर्यंत’ असे शब्द असतील, तर वर्षं उलटली तरी माणूस परिविक्षेतच राहतो, असं सर्वोच्च न्यायालयाने एकापेक्षा जास्त निकालांत म्हटलं आहे.)

पत्र हातात पडलं त्या दिवशी

पाकीट फेकू नका. त्यावरचा पोस्टाचा शिक्का हा पुरावा आहे. पत्रावरची तारीख संस्था हवी ती टाकू शकते, शिक्क्यावरची नाही. पाकिटाच्या दोन्ही बाजूंचा फोटो काढा, पत्राचा काढा आणि घरातल्या एखाद्याला पाठवून ठेवा, म्हणजे फोनवर तारीख राहील.

पत्र शाळेत बोलावून हातात दिलं, तर पोच म्हणून सही द्यावी. नकार देण्यात काही मिळत नाही. सहीखाली स्वतःच्या हाताने तारीख आणि वेळ टाका आणि लिहा: ‘पत्र मिळाले. मजकूर मान्य नाही.’ एवढे पाच शब्द पुरेत.

त्याच वेळी समोर दुसरा कागद सरकवला जातो. राजीनाम्याचा. ‘पत्र घेतलं तर तुमच्या नावावर राहील, राजीनामा दिला तर अनुभवाचा दाखला चांगला देतो,’ असं सांगतात. काही ठिकाणी रुजू होतानाच तारीख न टाकलेला राजीनामा लिहून घेतलेला असतो. इथे कायद्यानेच तुमची काळजी घेतली आहे. कलम ७ म्हणतं की कर्मचाऱ्याने राजीनामा दोन प्रतींत लिहावा, दोन्हींवर सही करून तारीख टाकावी, एक प्रत रजिस्टर पोस्टाने व्यवस्थापनाला पाठवावी आणि एक स्वतःजवळ ठेवावी. सचिवांच्या खोलीत टेबलावर दिलेला राजीनामा या वाटेने गेलेला नसतो. तसा दिला गेला असेल, तर दुसऱ्याच दिवशी पोस्टाने लेखी कळवा की हा दबावाखाली घेतला आहे. थांबलात, तर तुमच्या गप्प बसण्यालाच संमती म्हटलं जाईल.

पत्र वाचताना

आता एका खऱ्या प्रकरणाच्या आधाराने बोलू. ओळख पटू नये म्हणून गावाचं नाव टाळतो आणि तपशील थोडे बदलतो.

एक विज्ञानाच्या बाई. दिग्रस तालुक्यातली विनाअनुदानित माध्यमिक शाळा. जाहिरात निघाली, मुलाखत झाली, कायम रिक्त पदावर दोन वर्षांच्या परिविक्षेवर नेमणूक. रुजू १ जुलै २०२३. म्हणजे परिविक्षा संपणार ३० जून २०२५ ला. पत्र त्यांना माहेरी, पुसदकडच्या गावात, ५ जून २०२५ ला मिळालं. वडिलांना घेऊन दोन दिवसांनी माझ्याकडे आल्या. वडील म्हणाले, ‘बाबूजी, पत्रात तं काहीच लिहिलं नाही जी. मंग पोरीले काढलं काऊन?’

पत्र असं होतं:

‘दि. २०/०५/२०२५. संदर्भ: १) मुख्याध्यापक यांचे दि. १४/०२/२०२५ चे ज्ञापन. २) शाळा समितीचा दि. १८/०५/२०२५ चा ठराव. उपरोक्त संदर्भीय विषयान्वये आपणांस कळविण्यात येते की, परिविक्षा कालावधीतील आपले काम व वर्तणूक समाधानकारक नसल्याचे व्यवस्थापनाचे मत झाले आहे. सबब कलम ५(३) अन्वये एक महिन्याची नोटीस देऊन दि. २०/०६/२०२५ पासून आपली सेवा समाप्त करण्यात येत आहे.’

खाली सचिवांची सही.

वडिलांना जे ‘काहीच नाही’ वाटलं, ते मुद्दाम तसं लिहिलेलं असतं. कलम ५(३) व्यवस्थापनाला अधिकार देतं की परिविक्षेच्या काळात काम किंवा वर्तणूक समाधानकारक नाही असं मत झालं, तर एक महिन्याची नोटीस किंवा एक महिन्याचा पगार देऊन सेवा संपवता येते. ‘काम व वर्तणूक समाधानकारक नाही’ हे शब्द थेट कायद्यातून उचललेले आहेत. अनुभवी सचिव त्याच्या पुढे एक अक्षर लिहीत नाही.

पत्र मोघम का ठेवतात

नव्या माणसाला हा भाग सगळ्यात उलटा वाटतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

परिविक्षेतला माणूस दोन कारणांनी जाऊ शकतो. एक, त्याचं काम जमलं नाही. दोन, त्याने काहीतरी गैर केलं असं संस्थेला वाटतं. पहिल्यात सेवा साध्या पत्राने संपवता येते. दुसऱ्यात ती शिक्षा होते, आणि शिक्षा द्यायची तर चौकशी करावी लागते. आपल्या नियमांत त्यासाठी तीन जणांची चौकशी समिती सांगितली आहे. एक व्यवस्थापनाचा, एक कर्मचाऱ्याने स्वतः निवडलेला कुठल्याही खाजगी शाळेतला कर्मचारी आणि एक पुरस्कारप्राप्त शिक्षकांच्या यादीतला. आरोपपत्र, खुलासा, साक्षी असं सगळं यात येतं. याला महिने लागतात. हे टाळायचं म्हणून आरोप मनात ठेवून पत्र मात्र पहिल्या प्रकारचं काढलं जातं.

न्यायालयं हे ओळखून आहेत. सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या खंडपीठाने १९७४ साली समशेर सिंग विरुद्ध पंजाब राज्य या खटल्यात सांगितलं की आदेशाचे शब्द साधे असले म्हणून तो साधा ठरत नाही, त्यामागचं खरं स्वरूप पाहावं लागतं. पुढच्या निकालांत यासाठी एक फरक वापरला गेला. एखादी गोष्ट आदेशाचा हेतू आहे की आदेशाचा पाया आहे? तक्रार आली, संस्थेच्या मनात किंतु आला आणि ‘जाऊ दे, कायम करायला नको’ असं ठरलं, तर तो हेतू झाला. तो चालतो. पण तक्रारीची पाठीमागे चौकशी केली, माणूस दोषी आहे असं ठरवलं आणि त्यावरून काढलं, तर ती तक्रार पाया झाली. तिथे साधं पत्र चालत नाही. २००१ साली पवनेंद्र नारायण वर्मा यांच्या खटल्यात न्यायालयाने यासाठी तीन खुणा सांगितल्या: पूर्ण स्वरूपाची चौकशी झाली का, ती नैतिक अधःपतनाच्या किंवा गैरवर्तनाच्या आरोपाची होती का, आणि तिच्यातून दोषी असल्याचा निष्कर्ष निघाला का. तिन्ही असतील तर आदेश शिक्षेचा. त्याच निकालात असंही म्हटलं आहे की ‘काम व वर्तन समाधानकारक नाही’ एवढे शब्द म्हणजे कलंक नव्हे.

हे शेवटचं वाक्य नीट लक्षात ठेवा. कित्येक जण ‘समाधानकारक नाही’ या शब्दांवरच भांडायला निघतात, ‘माझी बदनामी केली’ म्हणतात. त्यावर काही निघत नाही. कलंक कशाने लागतो? ‘आपण शालेय पोषण आहाराच्या तांदळात अफरातफर केली’, ‘आपले चारित्र्य संशयास्पद आहे’, ‘आपण मद्यप्राशन करून शाळेत आलात’, ‘विद्यार्थिनींशी आपले वर्तन अशोभनीय होते’. असं वाक्य पत्रात असेल आणि चौकशी झालेली नसेल, तर पत्र मुळातच कमकुवत आहे. पुढच्या शाळेत मुलाखतीला गेल्यावर जे वाक्य वाचून समोरचा माणूस फाइल बंद करेल, ते कलंकाचं वाक्य, असं मी पोरांना सांगतो. याउलट ‘अध्यापन अपेक्षित दर्जाचे नाही’, ‘टाचण वेळेवर पूर्ण नव्हते’, ‘वर्गनियंत्रण राहिले नाही’ ही कामाबद्दलची मतं आहेत. ती कडू असतील, पण कलंक नाहीत.

म्हणून एक सल्ला मी आग्रहाने देतो. पत्र मोघम आलं असेल, तर संस्थेला ‘कारण स्पष्ट लिहून सुधारित पत्र द्या’ असं म्हणू नका. मोघम पत्र तुमच्या पुढच्या नोकरीच्या आड येत नाही, काळं पत्र येतं. कारणं मागायची तर ती वेगळ्या रस्त्याने, नोंदी मागून. त्याबद्दल पुढे सांगतो.

‘संदर्भ’ ही ओळ सोडू नका

बाईंच्या पत्राचा मजकूर स्वच्छ होता. घोटाळा वरच्या ओळीत होता. मी विचारलं, ‘१४ फेब्रुवारीचं ज्ञापन कसलं?’ त्यांनी पिशवीतून मेमो काढला. त्यात लिहिलं होतं की दहावीच्या मुलांकडून प्रयोगवहीच्या नावाखाली प्रत्येकी पन्नास रुपये गोळा करून ते आपण स्वतःसाठी वापरले, खुलासा करावा. बाईंनी खुलासा दिला होता. वह्या दिग्रसच्या दुकानातून एकत्र आणल्या, ही पावती, ही मुलांची यादी. त्यावर मुख्याध्यापकांनी काही कळवलं नाही. चौकशी नाही, निर्णय नाही. आणि तीन महिन्यांनी सेवासमाप्तीच्या पत्रात तोच मेमो संदर्भ म्हणून आला.

याच विषयावर १९९९ सालचा दीप्ती प्रकाश बॅनर्जी यांचा सर्वोच्च न्यायालयातला निकाल आहे. कलंक आदेशाच्या मजकुरातच असायला हवा असं नाही, आदेशात ज्या कागदाचा उल्लेख आहे किंवा जो सोबत जोडला आहे, त्यातही तो असू शकतो. कारण पुढचा मालक आदेश वाचेल आणि विचारेल, या संदर्भातला मेमो दाखवा. पैसे खाल्ल्याचा आरोप असलेला मेमो संदर्भात टाकून सचिवांनी आपलं साधं पत्र स्वतःच आरोपाला बांधून टाकलं होतं.

मी स्वतः पत्रं टाइप करायचो तेव्हा ही चूक मीही केली आहे. सरकारी वळणाची सवय असते, ‘संदर्भ’ रिकामा ठेवायला हात धजत नाही. सापडेल तो जावक क्रमांक तिथे भरला जातो. त्या सवयीने कुणाच्या नावाला काय चिकटतं, हे तेव्हा मला कळत नव्हतं.

तारखांचा हिशेब

पत्रात नोटीस २० मेपासून मोजली होती. पाकिटावर शिक्का २९ मेचा. बाईंना मिळालं ५ जूनला. नोटीस म्हणजे माणसाला कळणं. कळलं त्या दिवसापासून महिना मोजला तर ५ जुलै येतो, आणि परिविक्षा तर ३० जूनला संपत होती. कलमाचे शब्द आहेत की सेवा परिविक्षेच्या काळातच संपवता येते, एक महिन्याची नोटीस किंवा तितका पगार देऊन. संस्थेने नोटिशीऐवजी एक महिन्याचा पगार सोबत दिला असता तर हा प्रश्न उरलाच नसता. तो दिला नव्हता. नोटीस पंधरा दिवसांत संपवली आणि उरलेल्या दिवसांचे पैसेही नाहीत.

या मुद्द्यावर एकट्यावर सगळी भिस्त ठेवू नका, हेही सांगतो. नोटिशीतल्या दिवसांची कमतरता पगार देऊन भरून काढता येते असा युक्तिवाद समोरून येईलच. पण तारखांचा तक्ता अपिलात पहिल्या पानावर द्यावा. नेमणूक, परिविक्षेची अखेर, पत्राची तारीख, शिक्क्याची तारीख, मिळाल्याची तारीख, अंमलाची तारीख. सहा ओळी. नोटिशीचा पगार नंतर आला, तर तो घ्या आणि ‘हक्क अबाधित ठेवून स्वीकारला’ असं लिहून कळवा.

पत्र मोघम असलं तरी फाइल भरलेली हवी

या कायद्यातली कर्मचाऱ्याच्या बाजूची सगळ्यात भक्कम गोष्ट ही आहे, आणि गावाकडे ती फार थोड्यांना माहीत असते. १९८१ च्या नियमावलीतला नियम १५(६) म्हणतो की परिविक्षेतल्या कर्मचाऱ्याच्या कामाचं मूल्यमापन प्रमुखाने वस्तुनिष्ठपणे करावं आणि त्याची नोंद ठेवावी. २००८ साली प्रोग्रेसिव्ह एज्युकेशन सोसायटी विरुद्ध राजेंद्र या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की कलम ५(३) चा अधिकार मोकाट नाही. तो नियम १४ आणि १५ सोबत वाचावा लागतो. म्हणजे ‘समाधानकारक नाही’ हे मत कुठल्या नोंदींवरून झालं, ते दाखवता आलं पाहिजे.

त्यामुळे पत्रात कारण मोघम असणं हा दोष नाही, पण त्या मोघम शब्दांमागे कागद नसणं हा मोठा दोष आहे. काय कागद असायला हवेत? मुख्याध्यापकांच्या लॉगबुकातल्या पाठनिरीक्षणाच्या नोंदी, तारखेसह, शिक्षकाच्या सहीसह. गोपनीय अहवाल, आणि प्रतिकूल शेरा असेल तर तो लेखी कळवल्याची पोच. टाचण वहीवरचे शेरे. सुधारणेसाठी दिलेल्या सूचना आणि त्यानंतर पुन्हा केलेलं निरीक्षण. दोन वर्षांत असे चार-सहा कागद नसतील आणि अखेरच्या महिन्यात एकदम तीन मेमो निघाले असतील, तर ते मेमो कशासाठी निघाले हे कुणालाही कळतं.

बाईंच्या बाबतीत दोन वर्षांत एकच पाठनिरीक्षण झालं होतं, सप्टेंबर २०२४ मध्ये, नववीचा तास. लॉगबुकात शेरा होता: ‘साहित्याचा वापर योग्य. अध्यापन चांगले.’ त्या पानाचा फोटो त्यांच्या फोनमध्ये होता, कारण सही करताना त्यांना आनंद झाला होता म्हणून त्यांनी तो काढला होता. ज्यांची परिविक्षा अजून सुरू आहे, त्यांनी हे आजपासून करावं. लॉगबुकावर सही कराल त्या पानाचा, टाचणावरच्या प्रत्येक शेऱ्याचा, निकालपत्रकाचा फोटो ठेवावा. पत्र आल्यावर शाळेचं कपाट तुमच्यासाठी उघडत नाही.

आम्ही त्याच आठवड्यात मुख्याध्यापकांना एक छोटं पत्र पाठवलं: परिविक्षा कालावधीतील नियम १५(६) प्रमाणे केलेल्या मूल्यमापनाच्या नोंदींच्या प्रती मिळाव्यात. प्रत जिल्हा परिषदेच्या माध्यमिक शिक्षणाधिकाऱ्यांना. त्यात आरोप नाही, राग नाही, ‘अन्याय’ हा शब्दसुद्धा नाही. उत्तर आलं तर त्या नोंदी मिळतात, नाही आलं तर मागूनही दिल्या नाहीत ही गोष्ट कागदावर येते. (पूर्वी आपण असं पत्र ‘रजिस्टर एडी’ करायचो. १ सप्टेंबर २०२५ पासून रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टात विलीन झालं आहे, तेव्हा आता स्पीड पोस्टाने, पोच मागून पाठवा.)

आणि दुसरी बाजू. नोंदी असतील आणि खऱ्या असतील, तीन निरीक्षणांत तीच उणीव लिहिलेली असेल, ती दाखवून सुधारायला वेळ दिलेला असेल, तर पत्र टिकतं. न्यायाधिकरण तुमचा तास पुन्हा पाहायला येत नाही. अशा माणसाला मी खटल्याच्या खर्चात लोटत नाही. पगाराची बाकी आणि अनुभवाचा दाखला घेऊन दुसरी शाळा पाहा, असं सांगतो. तीच संस्था वर्षभरात पुन्हा नेमणूक देत असेल, तर आधीचा परिविक्षेचा काळ कलम ५(४) प्रमाणे धरला जातो, हे तिथे मात्र विसरू नका.

पत्रच आलं नाही तर

हे आपल्याकडे वरचेवर होतं. सुट्टी संपते, शाळा उघडते, तुम्ही जाता आणि शिपाई सांगतो, ‘सायबानं मस्टर आत ठेवलं, तुम्हाले सही नाही करू द्यायची.’ कागद नाही, कारण नाही. दोन वर्षं तर उलटून गेलेली असतात.

भांडू नका, पण परतही जाऊ नका. शाळेच्या वेळेत थांबा आणि तिथूनच मुख्याध्यापकांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर लिहा की मी आज अमुक वाजता कामावर हजर झालो, सही करू दिली नाही. त्याच दिवशी हेच पोस्टाने, प्रत शिक्षणाधिकाऱ्यांना. दोन-तीन दिवस हे करा. तोंडी काढलेला माणूसही अपील करू शकतो, कारण कलम ९ मध्ये बडतर्फी आणि काढून टाकण्याबरोबर ‘अन्य प्रकारे सेवा समाप्त’ हेही आहे. पण कोणत्या दिवशी काढलं हे दाखवायला तुमच्याकडे दुसरं काही नसतं. उद्या संस्था म्हणेल, हे स्वतःच यायचे बंद झाले.

तीस दिवस

अपील शाळा न्यायाधिकरणात. नागपूरला आहे, अमरावतीला आहे. यवतमाळच्या लोकांना अमरावतीला जावं लागतं. मुदत आदेश मिळाल्यापासून तीस दिवस. उशीर सबळ कारण असेल तर माफ होऊ शकतो, पण त्यावर विसंबू नये. अंमलाच्या तारखेपासून मोजू या असा विचारही करू नका. सगळ्यात आधीची तारीख धरा. बाईंच्या हिशेबात ५ जूनपासून तिसावा दिवस ५ जुलै, आणि तो शनिवार. म्हणून आम्ही त्याच्या आधीचा दिवस धरून चाललो.

या तीस दिवसांतले वीस दिवस लोक कुठे घालवतात तेही सांगतो. आमदारांकडे, संस्थाध्यक्षांच्या साडूकडे, ‘सर, एकदा बोलून पाहा ना’ म्हणत. बोलणी चालू ठेवायला माझी हरकत नाही, पण वकील पहिल्या आठवड्यात पाहा. शिक्षणाधिकाऱ्यांकडे अर्ज दिला म्हणजे मुदत थांबत नाही. आणि न्यायाधिकरणाच्या निकालावर पुढे अपील नाही, रिट याचिकेसाठी उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाकडेच जावं लागतं, त्यामुळे पहिल्याच अर्जात सगळे मुद्दे आलेले बरे.

संस्थेत हे पत्र लिहिणाऱ्यासाठी

माझ्या जागी आज जो बसलाय त्यालाही दोन गोष्टी सांगायच्या आहेत. काम जमलं नाही म्हणूनच सेवा संपवायची असेल, तर पत्र असं पुरे: ‘आपली दि. … रोजीच्या आदेशान्वये परिविक्षेवर नेमणूक झाली होती. परिविक्षा कालावधीतील आपले काम समाधानकारक नसल्याचे व्यवस्थापनाचे मत झाल्याने, कलम ५(३) अन्वये आपली सेवा दि. … रोजी कार्यालयीन वेळेनंतर समाप्त करण्यात येत आहे. नोटिशीऐवजी एक महिन्याचे वेतन सोबत देण्यात येत आहे.’ संदर्भात फक्त नेमणुकीचा आदेश. तक्रारी नाहीत, मेमो नाहीत. वर्तणुकीबद्दल काही म्हणायचं नसेल तर सवयीने ‘व वर्तणूक’ जोडू नका. तारीख परिविक्षेच्या आतली.

आणि आरोप खरा वाटत असेल, तर साध्या पत्राने तो झाकू नका. चौकशी समिती नेमा आणि माणसाला बोलू द्या. पन्नास रुपयांच्या वहीची पावती त्या बाईंच्या पिशवीत होती, ती कुणी मागितलीच नाही.

अपील ३ जुलैला दाखल झालं. सोबत पाकीट, पत्र, १४ फेब्रुवारीचा मेमो, खुलासा, दुकानाची पावती, लॉगबुकाच्या पानाचा फोटो आणि नोंदी मागितल्याच्या पत्राची पोच. लॉगबुक हजर करण्याचा आदेश शाळेला व्हावा असा वेगळा अर्जही दिला आहे.